बाकीच्यांचं नेट चालू, एकाचंच बंद: फॅमिली प्लॅनमधली अडकलेली लाईन कशी सोडवायची

धाकट्या बहिणीचा फोन आला तो वाय-फायवरून. "दादा, माझं नेट गेलंय. आपला डेटा संपला का?"

मी कंपनीचं ॲप उघडून बघितलं. आमच्या पाच लाईनच्या प्लॅनमध्ये महिन्याला १२० जीबी सामायिक डेटा आहे, त्यातला ४१ जीबी शिल्लक होता. माझं नेट चालू, बायकोचं चालू, आई-बाबांचंही चालू. थोडक्यात, डेटा संपला नव्हता, पण तिच्यापुरता तो संपलेला होता. ती म्हणाली, "माझा फोन तर सांगतोय की मी फक्त ९.४ जीबी वापरलेत." तिचं खोटं नव्हतं आणि कंपनीचंही नव्हतं. घोळ माझ्या हातून झाला होता आणि तोही दीड वर्षापूर्वी.

फॅमिली प्लॅनमध्ये सगळ्यांच्या लाईन एकाच खात्याखाली असतात. ते खातं ज्याच्या नावावर तो मुख्य खातेदार, बाकीचे सभासद. सभासदाला त्याच्या फोनवर जे दिसतं त्यापेक्षा खातेदाराला बरंच जास्त दिसतं, त्यामुळे सभासद बिचारा फोन बंद-चालू करत बसतो आणि खरं बटण भलत्याच माणसाच्या खिशात असतं. पण म्हणून थेट खातेदाराच्या सेटिंगपासून सुरुवात करू नका. आधी नेमकं काय बंद आहे ते ओळखा.

पहिली पायरी: "नेट गेलं" म्हणजे नक्की काय गेलं?

ज्याची लाईन अडकली आहे त्याला एकच गोष्ट करायला सांगा: वाय-फाय बंद कर आणि मला साधा फोन लाव. वाय-फाय बंद करणं महत्त्वाचं, कारण काही फोन वाय-फायवरूनही साधा कॉल लावतात आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही.

कॉल लागला आणि फक्त इंटरनेट चालत नसेल, तर प्रश्न डेटाचा आहे. एक तर मर्यादा संपली आहे, नाही तर फोनमधलं काहीतरी बंद आहे. आजकाल बरेच कॉल फोर-जीच्या जाळ्यावरूनच जातात, तरी डेटा शून्यावर आला म्हणून कॉल बंद पडत नाहीत. कंपनीच्या जाळ्यात कॉलसाठी वेगळी वाट असते आणि ती सहसा तुमच्या जीबीत मोजली जात नाही. हा एक नियम लक्षात ठेवलात तर निम्मी शोधाशोध वाचते: कॉलही लागत नसेल तर डेटाची मर्यादा वाढवून काहीही होणार नाही.

येणारे कॉल येतात, पण आपण लावलेला कॉल लागत नाही आणि एखादी रेकॉर्ड केलेली सूचना ऐकू येते, असं असेल तर लाईनवर बंदी आली आहे. बिल थकलं की बऱ्याच कंपन्या आधी जाणारे कॉल आणि डेटा थांबवतात आणि येणारे काही दिवस चालू ठेवतात. आणखी थकलं की तेही जातं. पण थकलेलं बिल सहसा सगळ्या खात्याचं असतं. त्यामुळे बाकीच्या लाईन व्यवस्थित चालू असतील तर बिलाचा संशय मागे ठेवा आणि त्या एका लाईनचं कारण शोधा: सिम हरवल्याची नोंद, अर्धवट राहिलेली ओळख-पडताळणी, किंवा त्या लाईनला लावलेली खर्चाची मर्यादा.

रेंजच्या जागी "Emergency calls only" किंवा आयफोनवर "SOS" दिसत असेल तर फोन स्वतःच्या कंपनीच्या जाळ्यात शिरलेलाच नाही. इथे तीन शक्यता. त्या जागी रेंज नाही, सिम निकामी झालं आहे, किंवा लाईन पूर्ण बंद केली गेली आहे. शेजारी त्याच कंपनीचा दुसरा फोन असेल तर पहिली शक्यता क्षणात निकालात निघते.

शेवटचा प्रकार फसवा असतो. नेट "चालतं", पण इतकं हळू की बंद असल्यासारखंच वाटतं. काही प्लॅनमध्ये मर्यादा संपली की डेटा थांबत नाही, वेग कमी होतो. हे ओळखायला वेग मोजणारं ॲप चालवा. दोन-तीनदा मोजून आकडा दरवेळी जवळपास तोच, समजा ०.१२ एमबीपीएस, येत असेल तर कंपनीने वेगाला वेसण घातली आहे. आकडा एकदा ०.३, एकदा ४, एकदा १.१ असा नाचत असेल तर ती गर्दी किंवा कमजोर रेंज आहे. १२८ केबीपीएस वेगाला एक एमबीचा फोटो उतरायला साधारण मिनिटभर लागतो. मजकुराचे निरोप जातात, पण फोटो गोल गोल फिरत राहतो, ही त्याची घरगुती खूण.

दुसरी पायरी: फोनमधली पाच मिनिटं

कॉल लागतोय, डेटा नाही, असं कळलं की खातेदाराला जागं करण्याआधी फोन तपासा. इथे चार ठिकाणं बघायची.

पहिलं, मोबाइल डेटा चालू आहे का आणि तो याच सिमवर आहे का. दोन सिमच्या फोनमध्ये डेटा कोणत्या सिमवरून घ्यायचा ते वेगळं ठरवलेलं असतं. फोन अपडेट झाल्यावर किंवा सिम काढून घातल्यावर ते कधी कधी दुसऱ्या सिमकडे जातं, आणि त्या सिमवर डेटा नसतोच.

दुसरं, फोनची स्वतःची मर्यादा. अँड्रॉइडमध्ये ही कंपनीपेक्षा पूर्ण वेगळी गोष्ट आहे. साधारण मार्ग असा:

```
Settings > Network & internet > SIMs > Data warning & limit
```

सॅमसंगच्या फोनमध्ये ते Connections खाली Data usage मध्ये मिळतं. इथे दोन आकडे असतात. "Data warning" नुसता इशारा देतो, "Set data limit" मात्र त्या आकड्याला पोचल्यावर मोबाइल डेटा खरोखर बंद करतो. कुणीतरी कधीतरी सावधगिरी म्हणून ५ जीबी लावून ठेवलेले असतात आणि विसरून जातात. कंपनीकडे भरपूर शिल्लक आहे, लाईन ठीक आहे, आणि फोनच दार लावून बसला आहे, असं असेल तर कस्टमर केअरलाही ते दिसणार नाही.

तिसरं, आयफोनवर Settings मधलं Cellular (काही ठिकाणी Mobile Data किंवा Mobile Service) उघडून खाली यादीत प्रत्येक ॲपचं बटण बघा. सगळं चालतं पण एकच ॲप चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. ती बटणं राखाडी झाली असतील आणि हलतच नसतील, तर Screen Time मध्ये मोबाइल डेटाच्या सेटिंगला हात लावायला बंदी घातलेली असू शकते. हे कुलूप ॲपलच्या फॅमिली गटातल्या पालकाचं. तो माणूस आणि मोबाइल प्लॅनचा खातेदार हे दोघे वेगळे असू शकतात. मुलांच्या फोनबाबत हा गोंधळ हमखास होतो: बाबा कंपनीच्या ॲपमध्ये शोधत राहतात आणि कुलूप आईच्या आयफोनवर असतं.

चौथं, व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं ॲप. ते बंद करून एकदा बघा, मग पुढे जा.

एवढं करूनही कळत नसेल तर सिमची अदलाबदल करा. अडकलेलं सिम चालू असलेल्या फोनमध्ये घाला आणि चालू असलेलं अडकलेल्या फोनमध्ये. अडकलेलं सिम दुसऱ्या फोनमध्येही अडकलं तर दोष लाईनचा, म्हणजे आता खातेदाराकडे जायचं. ते तिथे नीट चाललं आणि उलट चांगलं सिम या फोनमध्ये चालेना, तर दोष फोनचा. मग फोनची सेटिंग, किंवा सेकंडहँड फोन असेल तर तो चोरीचा म्हणून अडवलेला नाही ना हे बघावं लागेल. त्यासाठी लागणारा फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, `*#06#` टाईप केलं की पडद्यावर येतो. ई-सिम असेल तर ही अदलाबदल सहज होत नाही, तेव्हा उलटी अर्धी चाचणी करा: चांगलं चालणारं साधं सिम त्या फोनमध्ये घालून बघा.

कॉलचाच प्रश्न असेल तर आणखी एक चाचणी आहे. `*#33#` डायल केलं की जाणाऱ्या कॉलवर फोनवरून बंदी घातली गेली आहे का ते बऱ्याच जाळ्यांवर कळतं. खेळता खेळता लहान मुलांच्या हातून ही बंदी लागलेली असू शकते. कंपनीने स्वतः घातलेली बंदी मात्र या कोडला दिसत नाही आणि फोनवरून काढताही येत नाही. त्यामुळे "बंदी नाही" असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या बाजूने नाही.

तिसरी पायरी: खातेदाराच्या खात्यात कुठे बघायचं

सभासदाच्या लॉगिनमध्ये सहसा त्याचा स्वतःचा वापर दिसतो, फार तर एकूण शिल्लक. मर्यादा कुणी, किती लावली हे दिसेलच असं नाही. म्हणून खातेदाराने स्वतःच्या लॉगिनने उघडायचं. काही कंपन्यांत खातेदार घरातल्या दुसऱ्या एकाला व्यवस्थापक नेमू शकतो. तो मर्यादा बदलू शकतो, पण लाईन बंद करणं किंवा प्लॅन बदलणं सहसा खातेदाराकडेच राहतं. हे आधी करून ठेवणं शहाणपणाचं. आमच्याकडे मी प्रवासात असलो की चारही जण माझ्या फोनकडे डोळे लावून बसायचे. आता बायको व्यवस्थापक आहे.

आत गेल्यावर मी याच क्रमाने बघतो, आणि हा क्रम सोडत नाही.

आधी लाईनची स्थिती. तिथे "सक्रिय" दिसतं का, की "स्थगित"? स्थगित असेल तर पुढचं काहीही बघायची गरज नाही. स्थगिती खातेदाराने केली असेल, म्हणजे सिम हरवलं म्हणून घाईत, तर ती तो स्वतः उठवू शकतो. कंपनीने केली असेल तर कारण विचारावं लागेल.

मग एकूण शिल्लक. ती शून्य असेल तर सगळेच अडकलेले असतात, फक्त सगळ्यांच्या ते लक्षात आलेलं नसतं. घरी वाय-फायवर असलेल्याला सामायिक डेटा संपल्याचं बाहेर पडेपर्यंत कळत नाही.

मग त्या एका लाईनची मर्यादा. प्रत्येक कंपनी याला वेगळं नाव देते, पण अर्थ एकच: सामायिक डेटामधून या लाईनने जास्तीत जास्त इतकाच घ्यायचा. आणि त्याला लागूनच असलेली, पण लोक न वाचता पुढे जातात ती ओळ: मर्यादा गाठल्यावर काय करायचं? डेटा थांबवायचा, वेग कमी करायचा, नुसता निरोप पाठवायचा, की जादा वापराचे पैसे लावायचे? लाईन "बंद पडली" की "हळू झाली" की "बिलात आली" हे या एका निवडीवर ठरतं.

मग राहिलेली बारीक बटणं: रात्री ठरावीक वेळेत डेटा बंद, काही संकेतस्थळांवर बंदी, परदेशात रोमिंग बंद. वेळेची बंदी ओळखायची खूण सोपी आहे. रोज त्याच वेळेला जातं आणि त्याच वेळेला येतं.

इथे एक गाठ आधीच सोडवून ठेवा. खात्यात शिरायला ओटीपी लागतो आणि तो खातेदाराच्या लाईनवर येतो. तीच लाईन अडकली तर चावी कुलपाच्या आत राहते. लॉगिनला ई-मेलचा पर्याय जोडलेला असेल आणि तो ई-मेल अजून वापरात असेल तर हा प्रसंग टळतो.

आमच्या लाईनचं काय निघालं

बहिणीच्या लाईनची स्थिती सक्रिय. एकूण शिल्लक ४१. तिच्या लाईनची मर्यादा: २० जीबी. वापर: २० जीबी. मर्यादा गाठल्यावर: डेटा थांबवा.

ही मर्यादा मीच लावली होती, आमचा प्लॅन ८० जीबीचा असताना. नंतर प्लॅन १२० चा घेतला, तेव्हा मला वाटलं की मर्यादाही आपोआप वाढल्या असतील. तसं होत नाही. प्लॅन बदलला तरी लाईनवरचा आकडा होता तिथेच राहू शकतो. एरवी तिचा महिन्याचा वापर १२ ते १४ जीबी, त्यामुळे दीड वर्षात तो आकडा कधी आडवाच आला नाही.

पण तिचा फोन ९.४ म्हणत होता, कंपनी २०. हा फरक कुठून आला? आमचं बिल-चक्र दर महिन्याच्या ८ तारखेला सुरू होतं. बहिणीने १५ तारखेला नवा फोन घेतला. नव्या फोनचं मीटर १५ पासून मोजणार, आधीचं त्याला माहीतच नाही. जुना फोन कपाटात होता. त्याचं डेटा-चक्र मी कधीतरी ८ तारखेवर लावून दिलं होतं, तिथे ८ ते १४ चा वापर १०.५ जीबी निघाला. १०.५ आणि ९.४ मिळून १९.९. उरलेला ०.१ दोन मोजण्यांमधला नेहमीचा फरक. फोन आणि कंपनी यांचे आकडे दशांशापर्यंत जुळावेत अशी अपेक्षा ठेवू नये.

हे फोन न बदलताही होतं. अँड्रॉइडचं चक्र बिलाच्या तारखेशी जुळवलं नसेल तर तो भलत्याच तारखेपासून मोजतो. आयफोन तर Current Period म्हणून जो आकडा दाखवतो तो तुम्ही शेवटचं Reset Statistics दाबलं तेव्हापासूनचा असतो, दर महिन्याला आपोआप शून्य होत नाही. मी काही लोकांच्या आयफोनवर तिथे तीन-तीन वर्षांचा ढीग साचलेला पाहिला आहे. म्हणून वाद झाला तर कंपनीचा आकडा धरायचा. फोनचा आकडा फक्त "कोणत्या ॲपने खाल्लं" हे कळण्यापुरता.

आणि तेच आम्ही पुढे बघितलं. जुन्या फोनच्या १०.५ मधले ६.८ जीबी हॉटस्पॉटचे. तिने दोन दिवस लॅपटॉप फोनला जोडला होता आणि लॅपटॉपने मागल्या मागे स्वतःचं अपडेट उतरवून घेतलं. लॅपटॉपला ते वाय-फायच वाटतं, कुणाचा तरी मोजका डेटा आहे हे त्याला कळत नाही, वेगळं सांगावं लागतं. नव्या फोनच्या ९.४ मधले ५.१ जीबी फोटोंच्या ॲपचे, १.६ ॲप उतरवण्याचे, १.५ व्हिडिओंचे, बाकी १.२ किरकोळ. फोटो पाहिल्याचे हे ५.१ नव्हेत. जुन्या फोनमधले फोटो नव्यात आणल्यावर ते सगळे क्लाऊडवर चढायला लागले, आणि फोन सुरू करताना "मोबाइल डेटा वापरू का?" या प्रश्नाला तिच्याकडून हो म्हटलं गेलं होतं. ती म्हणाली, "पण मी तर काही डाउनलोडच केलं नाही!" बरोबर आहे, अपलोड केलं. वर चढणारा डेटाही तितकाच मोजला जातो.

इशारे आले नव्हते का? आले होते. ८० टक्क्यांचा आणि १०० टक्क्यांचा असे दोन एसएमएस तिच्या फोनवर जाहिरातींच्या ढिगात पडलेले होते. खातेदार म्हणून मला येणारे इशारे माझ्या जुन्या ई-मेलवर जात होते. ते खातं मी दोन वर्षं उघडलेलं नाही.

मर्यादा किती वाढवायची: दहा जीबी देऊन टाकू का?

मनात पहिला विचार हाच आला. ४१ पडले आहेत, २० चे ३० करून टाकू. सुदैवाने आधी कागद घेतला.

त्या दिवशी तारीख २७. चक्राचे १९ दिवस झाले होते आणि ७ तारखेपर्यंत ११ दिवस उरले होते. बहीण सोडून बाकी चौघांचा वापर: मी २२, बायको १८, बाबा १४, आई ५, एकूण ५९ जीबी. १९ दिवसांत ५९ म्हणजे दिवसाला साधारण ३.१. त्याच गतीने ११ दिवसांना ३४ लागणार. ४१ मधून ३४ गेले, हातात ७.

म्हणजे शिल्लक दिसणारे ४१ जीबी मोकळे नव्हतेच, त्यातले ३४ आधीच बाकीच्यांच्या वाट्याचे होते. तिला १० दिले असते आणि तिने ते वापरले असते तर शेवटच्या दिवशी पाचही जण नेटशिवाय बसले असते. मी मर्यादा २६ केली, म्हणजे तिला ६ जीबी. फोटोंचं ॲप फक्त वाय-फायवर आणि लॅपटॉपचं अपडेट बंद केल्यावर तिला ११ दिवसांना तेवढे पुरण्यासारखे होते.

हा हिशेब दोन मिनिटांचा आहे, आणि मर्यादा वाढवण्याआधी तो करायचाच. एकाच लाईनचा प्रश्न सोडवताना सगळ्यांचा उभा करणं फॅमिली प्लॅनमध्ये फार सोपं असतं. तुमच्या प्लॅनमध्ये संपल्यावर डेटा न थांबता जादा पैसे लागत असतील तर चूक नेटवर दिसणार नाही, महिनाअखेर बिलावर दिसेल.

मर्यादा वाढवली, तरी नेट येत नाही

ॲपने "बदल जतन झाला" म्हटलं. बहीण म्हणाली, "अजून नाही आलं." इथे बरेच जण घाबरून पुन्हा आकडा बदलतात, आणखी वाढवतात, मग कस्टमर केअरला फोन. थांबा. तिचा फोन जाळ्याशी जोडलेला होता तो जुन्या नियमावर. नवा नियम कंपनीच्या यंत्रणेत पोचला तरी चालू जोडणीला तो लगेच लागेलच असं नाही. जोडणी तोडून पुन्हा करायला लावायची: एअरप्लेन मोड चालू, अर्धा मिनिट थांबा, बंद करा. त्याने झालं नाही तर फोन बंद करून चालू करा. आमचं एअरप्लेन मोडनेच झालं.

तासाभरात आलं नाही तर मग कंपनीला फोन करा, आणि तो खातेदारानेच करावा. सभासदाला ते दुसऱ्याच्या खात्याबद्दल सहसा काही सांगत नाहीत. "नेट येत नाही" म्हणू नका, नाही तर फोन बंद-चालू करण्यापासून सगळं पुन्हा करायला लावतील. असं सांगा: "अमुक लाईनची मर्यादा मी अमुक वाजता २० वरून २६ केली, एकूण शिल्लक ४१ आहे, सिम दुसऱ्या फोनमध्येही घालून बघितलं, तरी डेटा थांबलेला आहे. त्या लाईनवर तुमच्याकडून काही बंदी दिसते का?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण कंपनीची बंदी फक्त त्यांच्याच पडद्यावर दिसते. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

बदल करताना आणखी एक ओळ वाचा: वाढवलेली मर्यादा या चक्रापुरती की कायमची? आमच्या ॲपमध्ये ती कायमची होती. मी ती २६ वरच ठेवली, पण "डेटा थांबवा" काढून "निरोप पाठवा" केलं. मोठ्या माणसाचं नेट भर रस्त्यात तोडण्यात काही अर्थ नाही असं माझं मत. ज्या लाईनवर लहान मूल आहे किंवा नुसतं टॅबलेट पडलेलं आहे, तिथे "थांबवा" ठीक आहे. इशाऱ्यांचा ई-मेलही बदलला.

मग सहज म्हणून बाकीच्या लाईनचे आकडे उघडून बघितले. माझ्यावर आणि बायकोवर मर्यादा नव्हती, बाबांना ३० होती. आईच्या लाईनवर ६ जीबी, गाठल्यावर "डेटा थांबवा", तीही त्याच काळातली. तिचे १९ दिवसांत ५ झालेले. त्या गतीने उरलेला एक जीबी चार दिवसांचा होता.